‘डॉक्टरांना सांगू नकोस’: स्पॅनिश दुभाष्याची तटस्थता, गुप्तता आणि ‘मी’

प्रश्न: मी ह्यूस्टनला मास्टर्स करतेय. स्पॅनिश बी-टू पातळीपर्यंत झालंय, म्हणून शनिवारी एका मोफत दवाखान्यात दुभाषी म्हणून स्वयंसेवा करते. ट्रेनिंग म्हणजे एक व्हिडिओ होता: तटस्थ राहा, गुप्तता पाळा, बोलणाऱ्याच्या जागी ‘मी’ म्हणून बोला. परवा डॉक्टर यायच्या आधी एक बाई मला म्हणाल्या की बीपीची गोळी बंद केलीय, बहिणीने मेक्सिकोहून पाठवलेली घेते, डॉक्टरांना सांगू नकोस, रागावतील. डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र ‘हो, घेते’ म्हणाल्या. मी तेच सांगितलं आणि डॉक्टरांनी डोस वाढवला. माझं चुकलं का? आणि ‘मी’ म्हणून बोलणं फार कृत्रिम वाटतं. ‘त्या म्हणताहेत’ असं म्हटलं तर काय बिघडतं?

उत्तर: ‘हो, घेते’ हे तुम्ही जसंच्या तसं पोचवलंत, ते बरोबरच होतं. अडचण त्याआधी, डॉक्टर नसताना तुम्ही दोघी त्या खोलीत एकट्या बसलात तेव्हाच सुरू झाली. आणि नंतर डोस वाढताना तुमच्या हातात आणखी एक पाऊल होतं, ते कुणी तुम्हाला शिकवलंच नाही. तीन नियम सुटे सुटे पाठ करायला दिले की असं होतं. मी इथे बरीच वर्षं रुग्णालयात स्पॅनिश दुभाषी म्हणून काम करते, नव्या स्वयंसेवकांना शिकवतेही. माझा अनुभव असा की ‘मी’चा नियम नीट कळला की उरलेले दोन आपोआप जागेवर बसतात. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते.

‘त्या म्हणताहेत’ने काय बिघडतं? समजा डॉक्टरांनी घरातल्या आजारांबद्दल विचारलं आणि बाई म्हणाल्या, ‘माझ्या आईला साखर होती. गोळ्या घेत नव्हती. शेवटी पाय कापावा लागला.’ स्पॅनिशमध्ये कर्ता बहुतेक वेळा गाळलेला असतो, आणि त्या भूतकाळात ‘मी घेत नव्हते’ आणि ‘ती घेत नव्हती’ यांचं क्रियापद एकच, ‘नो तोमाबा’. म्हणजे मुळातच थोडं धुकं आहे. त्यावर तुम्ही इंग्रजीत ‘शी सेज’ लावलंत की पुढचं प्रत्येक ‘शी’ दोघींपैकी कुणाचंही होऊ शकतं. डॉक्टर एकीकडे टाइप करत असतात. ‘रुग्ण मधुमेहाच्या गोळ्या घेत नाही’ एवढं एक वाक्य केस पेपरमध्ये चुकून गेलं, की पुढचे सगळे डॉक्टर तेच वाचणार. तुम्ही ‘मी’ म्हणून बोललात तर रुग्ण ‘आय’ होते, आई ‘शी’ होते, गोंधळाला जागा राहत नाही. आणि ‘तोमाबा’ कुणाचं हे तुम्हालाच कळलं नसेल, तर पुढे जाण्याआधी विचारावं लागतं, अंदाज चालत नाही.

दुसरं जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं. ‘त्या म्हणताहेत’ सुरू झालं की डॉक्टर तुमच्याकडे वळतात. ‘त्यांना विचार, दुखतंय कुठे,’ असं बोलायला लागतात. बाईही तुमच्याकडेच बघून बोलतात. आता संवाद तुमच्याशी चाललाय, आणि ज्याच्याशी संवाद चालतो त्याला लोक मत विचारतात, गुपितं सांगतात, बाजू घ्यायला लावतात. तटस्थता आणि गुप्तता दोन्हींना तडा जातो तो इथे. ‘मी’ म्हणून बोलल्यावर काही मिनिटांत ते दोघे एकमेकांकडे बघू लागतात. बसण्याची जागाही त्यासाठीच ठरलेली असते: रुग्णाच्या शेजारी, किंचित मागे, दोघांच्या नजरेच्या रेषेत न येता. डॉक्टर वारंवार मान वळवून तुमच्याकडे बघत असतील तर दोन गोष्टी तपासा. तुमचं ‘मी’ सुटलंय का, आणि तुमची खुर्ची मधे आलीय का.

कृत्रिमपणाचं म्हणाल तर तो बोलणाऱ्यालाच जाणवतो, ऐकणाऱ्याला नाही, आणि तोही लवकर जातो. पुरुष दुभाष्याने ‘मी गरोदर आहे’ म्हणायचं, तरुण मुलीने ‘मला लघवीला त्रास होतो, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय’ म्हणायचं, हे नेहमीचंच आहे. सुरुवातीला मात्र दोघांनाही एकदा सांगून ठेवावं लागतं.

या नियमाची दुसरी अर्धी बाजू व्हिडिओत बहुधा राहून जाते. ‘मी’ हा शब्द रुग्णाला आणि डॉक्टरांना देऊन टाकल्यावर तुम्हाला स्वतःला काही म्हणायचं असेल तर? तेव्हा स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करायचा: ‘दुभाष्याला शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का?’ स्पॅनिशमध्ये ‘ला इंतेर्प्रेते’ असं सुरू करून. आणि हे दोन्ही भाषांत सांगायचं, म्हणजे तुम्ही डॉक्टरांशी काय बोललात हे रुग्णाला कळतं आणि रुग्णाशी काय बोललात ते डॉक्टरांना कळतं. कोणतं वाक्य कुणाचं, हे प्रत्येक क्षणी तिघांनाही स्पष्ट असलं पाहिजे. तटस्थता मी याच अर्थाने घेते. चेहरा दगडासारखा ठेवणं म्हणजे तटस्थता नव्हे. बाई रडल्या तर टिश्यूचा डबा पुढे करायला काहीच हरकत नाही.

‘मी’ला अपवाद आहेत. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, भ्रमात असलेला मनोरुग्ण, लहान मूल यांना कधीकधी कळत नाही की हे ‘मी’ कुणाचं. मूल घाबरून विचारतं, ‘तू मला सुई टोचणार आहेस?’ तिथे ‘डॉक्टर म्हणताहेत की...’ असं खुशाल बोला, फक्त पद्धत का बदलली ते डॉक्टरांना एका वाक्यात सांगा.

आता तुमची शनिवारची बाई.

पहिली गोष्ट, रुग्णाबरोबर एकटं बसायचं नाही. नर्स खोलीतून गेली की तुम्हीही बाहेर या आणि दारापाशी उभ्या राहा. आपल्याला हे फार तुटक वाटतं, कारण घरी आलेल्या माणसाला एकटं सोडणं हा आपल्याकडे उद्धटपणा आहे. पण त्या दहा मिनिटांच्या गप्पांतच तुम्ही ‘दुभाषी’च्या ‘मैत्रीण’ होता. बाईंनी डॉक्टरांना न सांगितलेलं तुम्हाला सांगितलं ते त्याच नात्याने.

दुसरी गोष्ट, ओळखीची वाक्यं. डॉक्टर खोलीत आले की काम सुरू होण्याआधी अर्ध्या मिनिटात ही सांगायची. मी बाईंना म्हणते: ‘सोय ला इंतेर्प्रेते. तोदो लो के उस्तेद दिगा आकी, से लो वोय आ देसीर आल दोक्तोर. सी आय आल्गो के नो किएरे के एल सेपा, पोर फावोर नो मे लो दिगा आ मी.’ म्हणजे, इथे तुम्ही जे बोलाल ते सगळं मी डॉक्टरांना सांगणार, त्यांना कळू नये असं काही असेल तर कृपा करून मलाही सांगू नका. शिवाय तुमचं बोलणं मी ‘मी’ म्हणूनच सांगेन, आणि इथलं काही बाहेर जाणार नाही. हेच डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं, त्यात आणखी एक: ‘थोडं थोडं बोला आणि रुग्णाकडे बघून बोला.’ हे आधी झालेलं असलं तर पुढची निम्मी पेचाची परिस्थिती येतच नाही. डॉक्टर मधेच ‘हे तिला सांगू नकोस’ म्हणाले तर तेव्हाही हाच आधार असतो.

पण समजा तरीही बाई बोलून गेल्याच. ‘बरं, नाही सांगत’ असं वचन तेवढं द्यायचं नाही. इथल्या आरोग्य-दुभाष्यांच्या राष्ट्रीय परिषदेची, म्हणजे एन.सी.आय.एच.सी.ची, 2004 सालची आचारसंहिता आहे. तिच्यात गुप्ततेचं कलम नीट वाचा: कामात कळलेली माहिती उपचार करणाऱ्या चमूच्या आत गुप्त ठेवायची. भिंत चमूच्या भोवती आहे, तुम्ही आणि रुग्ण या दोघींच्या भोवती नाही. म्हणजे डॉक्टरांपासून काही लपवण्याचं बंधन तुमच्यावर नाही, तसंच प्रत्येक कानगोष्ट धावत जाऊन सांगण्याचा हुकूमही नाही. बाईंना त्याच क्षणी असं म्हणता येतं: ‘हे डॉक्टरांना कळणं तुमच्या तब्येतीसाठी गरजेचं आहे. मी दुभाषी आहे, त्यांच्यापासून लपवून ठेवेन असं वचन मला देता येणार नाही. तुम्ही स्वतःच त्यांना सांगा, तुम्ही बोलाल तसंच मी सांगेन.’ बऱ्याचदा एवढ्यावर लोक सांगतात. त्यांना भीती असते ती रागावण्याची. गोळी सोडण्यामागे साधं कारणही असतं. बीपीसाठी इथे लिसिनोप्रिल सर्रास देतात आणि तिच्यामुळे काही जणांना सतत कोरडा खोकला होतो. हे कळलं तर डॉक्टर गोळी बदलून देतात, रागवायचं काही कारणच नसतं.

आणि तरीही डॉक्टर आल्यावर त्या ‘हो, घेते’ म्हणाल्या. तुम्ही ‘हो, घेते’च सांगायचं. ‘पण आधी वेगळं म्हणाल्या होत्या’ हे शेपूट इंग्रजीतून हळूच जोडायचं नाही. तसं केलंत तर खोलीत एक वाक्य असं फिरतं की ज्याच्याबद्दल ते आहे त्या माणसाला ते कळलेलंच नाही. त्या बाई पुढे कधी कुठल्याही दुभाष्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता डॉक्टर, समजा, लिसिनोप्रिलचा डोस दहा मिलिग्रॅमवरून वीस करताहेत. इथे धोका काय ते मनात स्पष्ट हवं. बाई ती गोळी घेतच नाहीत, म्हणून वाढवलेल्या डोसने आज काही होणार नाही. पण उद्या घाबरून त्यांनी तीही सुरू केली, आणि बहिणीची गोळी बीपीच्याच लोसार्तानसारखी असली, तर त्या दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेणं टाळायचं असतं. रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ती लोसार्तानच आहे असं तुम्ही ठरवायचं नाही, तो तुमचा प्रांत नाही. तुम्ही एवढंच जाणता की डॉक्टर अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताहेत. अशा वेळी सगळ्यात कमी ढवळाढवळ करणारं पाऊल आधी उचलायचं. मी असं म्हणते, आधी इंग्रजीत आणि लगेच तेच स्पॅनिशमध्ये: ‘दुभाषी सुचवते की रुग्ण घरी घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांबद्दल विचारावं, नातेवाइकांनी दिलेल्या किंवा दुसऱ्या देशातून आलेल्या गोळ्यांबद्दलही. काही ठिकाणी तशी पद्धत असते.’ यात बाईंचं गुपित फुटत नाही, डॉक्टरांना योग्य प्रश्न मिळतो, आणि उत्तर देणं न देणं बाईंच्याच हातात राहतं. हे वाक्य मी कुणाला चिमटा काढल्यासारखं नाही, सहज स्वरात म्हणते. त्यावर डॉक्टर बहुतेक वेळा ‘पुढच्या वेळी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा’ असं म्हणतात, आणि ती पिशवीच पुढचं काम करते.

त्यावरही बाई ‘नाही’ म्हणाल्या तर? इथे अनुभवी दुभाष्यांत मतभेद आहेत, मी माझं मत सांगते. मी बाहेर येऊन बाईंना सांगेन की गोळ्यांची गोष्ट मी नर्सच्या कानावर घालणार आहे, कारण दोन्ही एकत्र झाल्या तर त्यांना अपाय होऊ शकतो, आणि नर्सशी बोलताना त्या सोबत असाव्यात असं मला वाटतं. मगच नर्सला सांगेन. नर्स चमूचाच भाग आहे, म्हणून गुप्तता मोडत नाही. पाठीमागून सांगितलं असतं तर विश्वास मोडला असता. त्याच आचारसंहितेत म्हटलंय की रुग्णाचं आरोग्य किंवा सन्मान धोक्यात असेल तर दुभाष्याने त्याच्या बाजूने उभं राहणं समर्थनीय ठरू शकतं, पण कमी हस्तक्षेपाचे उपाय करून झाल्यावरच. हा क्रम मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. नवे स्वयंसेवक एकतर अगदी गप्प राहतात, नाहीतर पहिल्याच मिनिटाला वकील होतात. अर्थात जीव द्यायची भाषा, मुलाला मारहाण, कुणाला मारण्याची धमकी असं काही कानावर आलं तर पायऱ्या मोजत बसायचं नाही. बाईंना सांगून ताबडतोब डॉक्टर किंवा नर्सला सांगायचं.

तटस्थतेची एक कठीण जागा टेक्सासमध्ये तुम्हाला नक्की भेटेल, म्हणून सांगते. आई बाळाला घेऊन येते आणि म्हणते, याला ‘एम्पाचो’ झालाय. पोटात काही अडकून राहिल्याने होणारा आजार अशी ती लोकसमजूत आहे. ‘अपचन’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. ‘एम्पाचो’ हाच शब्द डॉक्टरांना द्या. कारण त्यावर काही घरांत ‘ग्रेता’ किंवा ‘आसार्कोन’ नावाची पिवळी, नारिंगी पूड देतात, आणि तिच्यात शिसं असतं, कधीकधी 90 टक्क्यांपर्यंत. तुम्हाला हे माहीत आहे, डॉक्टरांना नसेल. तरी ‘या बाईने मुलाला शिसं दिलंय’ असं म्हणणं साफ चूक, कारण तिने काय दिलं ते तुम्हाला ठाऊकच नाही. ती पुदिन्याचा काढाही देत असेल, पोट चोळत असेल. म्हणायचं एवढंच: ‘दुभाषी सुचवते की एम्पाचो म्हणजे काय आणि त्यावर घरी काय दिलं, हे आईलाच विचारावं. काही पारंपरिक पुडींमध्ये शिसं असू शकतं.’ आणि हेच आईलाही स्पॅनिशमध्ये सांगायचं. ज्ञान लपवायचं नाही, पण आईच्या वतीने उत्तरही द्यायचं नाही.

भारतीय असण्यामुळे आपल्यावर येणारा एक खास पेच आहे. इथे बरेच डॉक्टर भारतीय आहेत. तुमचं नाव वाचून ते मधेच हिंदीत, कधी मराठीतही बोलतात: ‘ही ऐकणारी नाही, जाऊ दे.’ बाईंना शब्द कळत नाहीत, पण आपल्याबद्दल काहीतरी बोललं गेलं हे नक्की कळतं. मी इंग्रजीत उत्तर देते: ‘डॉक्टर, खोलीत बोललेलं सगळं मला रुग्णाला सांगावं लागतं. हे सांगू का?’ बहुतेक जण लगेच सावरतात. आणि बाईंना सांगते, डॉक्टर दुभाष्याशी बोलले, दुभाष्याने नियम सांगितला. वयाने मोठ्या डॉक्टरांना असं म्हणताना जड जातं, पण नमस्कार-चमत्काराच्या गप्पा दवाखाना सुटल्यावर करता येतात.

गुप्ततेचं बाकी फारसं अवघड नाही, सवयीचं आहे. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा जो हिपा कायदा आहे, त्यात दवाखान्याच्या ‘मनुष्यबळा’त स्वयंसेवक स्पष्टपणे धरलेले आहेत, त्यामुळे ‘मी तर फुकट काम करते’ ही सबब नाही. काही छोटे मोफत दवाखाने विम्याची बिलंच पाठवत नसल्याने त्या कायद्याच्या कक्षेत येत नसतील, तरी दुभाष्याची आचारसंहिता तीच राहते. टिपणवहीत नाव लिहू नका, फक्त आकडे, औषधं आणि क्रम लिहा, आणि निघण्याआधी ते पान दवाखान्यातच श्रेडरमध्ये घाला. कागदपत्रांचा, व्हिसाचा विषय निघाला तर तोंडी जेवढं बोललं गेलं तेवढं सांगा, तुमच्या हातून कागदावर काही येऊ देऊ नका. या लोकांना सगळ्यात मोठी भीती तीच असते. ती बाई दुकानात दिसली तर तिने ओळख दाखवेपर्यंत आपण दाखवायची नाही, सोबतच्या नवऱ्याला ती दवाखान्यात गेली होती हेही माहीत नसेल. आणि महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला ‘काल ना, क्लिनिकमध्ये एक केस आली’ हे नाव न घेताही नाही. वय, गाव, आजार आणि शनिवार एवढ्यावर माणूस ओळखू येतो. मनावर ओझं झालं, आणि दिवसभर ‘मला कॅन्सर आहे’ असं स्वतःच्या तोंडून बोलल्यावर ते होतंच, तर दवाखान्यातल्या समन्वयकाशी बोला.

तुम्हाला दाखवलेला व्हिडिओ अपुरा आहे, हेही स्पष्ट सांगते. इथे वैद्यकीय दुभाष्याच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायलाच किमान 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. बी-टूवर रोजच्या तक्रारी निभतील, पण शस्त्रक्रियेची संमती, कर्करोगाचं निदान, मानसोपचार अशा वेळी ‘हे माझ्या कुवतीबाहेरचं आहे, फोनवरचा प्रमाणित दुभाषी लावा’ असं म्हणणं हाही आचारसंहितेचाच भाग आहे.

आणि त्या बाईंचं प्रकरण अजून संपलेलं नाही. त्यांची पुढची तारीख असेलच. त्याआधी समन्वयकाला विचारा की रुग्णाने दुभाष्याला एकट्यात काही सांगितलं तर इथे कुणाला सांगायचं, नर्सला की डॉक्टरांना. परवा डोस वाढलेला असल्यामुळे मी तारखेपर्यंत थांबणार नाही. आजच त्या व्यक्तीला फोन करून सांगा की या रुग्णाशी पुन्हा एकदा सगळ्या गोळ्यांबद्दल बोलून घेणं गरजेचं आहे. आणि नर्सने बाईंना फोन लावला की दुभाषी म्हणून तुम्हीच लाइनवर असाल तर उत्तम.